एक डंपर आणि दोन मुलं: शांत कोपरा कसा वापरायचा, तिथे काय बोलायचं

प्रश्न: मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा सव्वातीन वर्षांचा. एका डंपरवरून दिवसातून चार-पाचदा हिसकाहिसकी, ओरबाडणं, रडारड. महिन्यापूर्वी गादी आणि उश्या टाकून शांत कोपरा केला. भांडण झालं की दोघांना तिथे नेऊन बसवते, पण तिथेही तेच भांडण चालू राहतं. आता तर धाकटा "कोपरा नको" म्हणून रडतो. माझं काय चुकतंय? तिथे मी नेमकं काय बोलायचं?

उत्तर:

धाकट्याचं "कोपरा नको" हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण अडचण त्यातच आहे. तीन वर्षांचं मूल एखाद्या जागेचा अर्थ आपण तिला दिलेल्या नावावरून लावत नाही, तिथे आपल्याबरोबर काय होतं त्यावरून लावतं. महिनाभर तो त्या गादीवर गेला तो फक्त रडताना, हातातला डंपर सुटलेला असताना, आणि बहुधा कुणीतरी उचलून नेलं म्हणून. तुमच्या मनात तो शांत कोपरा आहे, पण त्याच्या अनुभवात ती शिक्षेची जागा आहे. यात तुमची चूक म्हणावी असं काही नाही. कोपरा नव्याने सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं. माझ्या वर्गातही पहिल्या वर्षी हेच झालं होतं.

मी एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवते. वर्गात तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात, त्यामुळे तुमच्या घरातल्यासारखी दोन-सव्वादोन वर्षांच्या अंतराची भांडणं रोज समोर येतात. त्या अनुभवावरून सांगते.

कोपऱ्यात आपण दोन वेगळी कामं एकाच वेळी उरकायला जातो. पहिलं काम रागाने पेटलेल्या मुलाला थंड होऊ देण्याचं आणि दुसरं एका खेळण्याचा तोडगा काढण्याचं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. रडण्याने श्वास लागलेला असताना लहान मुलाला शब्द सुचत नाहीत आणि समोरच्याचे ऐकूही येत नाहीत. हात आवरणं, थांबणं, शब्द शोधणं या गोष्टी या वयात शांत असतानाही जड जातात. त्यामुळे भांडणाच्या ऐन भरात दोघांना शेजारी बसवून "आता बोला" म्हटलं, की तेच भांडण गादीवर चालू राहतं. बदलते ती फक्त जागा.

म्हणून आधी एक आठवडा भांडणासाठी कोपरा वापरणं पूर्ण बंद करा. भांडण झालं तर तुम्ही जसं सोडवत आला आहात तसं तिथल्या तिथे सोडवा. या आठवड्यात कोपऱ्याचा अर्थ बदलायचा आहे. शक्य असेल तर जागाच हलवा, दुसऱ्या भिंतीशी न्या. धाकट्यासाठी हे फार सोपं पडेल.

सामान थोडंच ठेवा. दोन छोटी आसनं हवीत, एक मोठी गादी नको. प्रत्येकाची हद्द डोळ्यांना दिसली की अर्धी धक्काबुक्की कमी होते. आसनं समोरासमोर न मांडता थोडी तिरकी मांडा, म्हणजे बघायचं तर एकमेकांकडे बघता येतं आणि नको असेल तर नजर वळवता येते. रागावलेल्या मुलाला सरळ नजरेला नजर सोसत नाही. तिसरी वस्तू म्हणजे हातात धरायला काहीतरी: गुळगुळीत दगड, मोठा शंख, लाकडाचा तुकडा. ती ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. माँटेसरी पद्धतीच्या अनेक बालशाळांत यासाठी छोटं टेबल आणि त्यावर एक गुलाब असतो, बोलणारा तो गुलाब हातात धरतो. वस्तू कोणती हे महत्त्वाचं नाही, "आता माझी बोलायची पाळी" ही न दिसणारी गोष्ट तिच्यामुळे हातात धरता येते, हे महत्त्वाचं. मी शंख ठेवते, कारण तो थंड लागतो आणि मुलं आपोआप तो गालाला लावतात. दगड, शंख, लाकूड फेकलं तर लागतं, हे मात्र लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात ते फेकलं जातंच. तुमचा धाकटा फेकणारा असेल तर कापडाचा छोटा चेंडू बरा.

पुस्तकं, खेळणी, चमकणाऱ्या बाटल्या यांची तिथे गर्दी करू नका. नाहीतर पुढचं भांडण त्या बाटलीवरून होतं.

आता तो आठवडा. रोज एकदा, दोघं खुशीत असताना, पाच मिनिटं तिथे बसायचं. दोन बाहुल्या किंवा दोन मऊ प्राणी घ्या आणि त्यांचं भांडण लावा. अस्वलाकडे चेंडू आहे, सशाने तो ओढला. मग शंख अस्वलाच्या हातात द्या आणि तुम्हीच त्याच्या आवाजात बोला. दोन-तीन दिवसांत मोठी अस्वल मागून घेईल. धाकट्याला ससा द्या. मुलं हा खेळ मनापासून खेळतात, कारण भांडण दुसऱ्याचं असतं आणि त्यांना त्यातलं सगळं माहीत असतं. खरी वाक्यं तोंडात बसतात ती इथे. पेटलेल्या क्षणी मूल नवीन वाक्य शिकत नाही, आधी तोंडात बसलेलं असेल तेच बाहेर येतं.

ही वाक्यं किती लांब असावीत, हे धाकट्याच्या बोलण्यावर अवलंबून आहे. बहुतेक घरं इथेच फसतात. "तू माझ्या हातातून डंपर घेतलास तेव्हा मला वाईट वाटलं, कारण मी अजून खेळत होते" हे साडेपाच वर्षांची मुलगी म्हणेल. सव्वातीनचा मुलगा म्हणू शकणार नाही. मग कोपऱ्यात रोज मोठीचंच म्हणणं मांडलं जातं आणि धाकट्याकडे उत्तर म्हणून हातच उरतो. म्हणून वाक्य धाकट्याच्या मापाचं ठरवा आणि मोठीलाही तेच द्या. माझ्याकडे ते दोन तुकड्यांचं आहे: "मला राग आला. मला डंपर हवा." बस्स. रागाच्या जागी रडू, भीती, जे असेल ते. ऐकणाऱ्याने फक्त एक गोष्ट करायची, ऐकलेलं परत म्हणायचं: "तुला डंपर हवा."

हे परत म्हणणं पोकळ वाटेल, पण त्यातच सगळा जीव आहे. समोरच्याच्या तोंडून आपलं म्हणणं ऐकलं की मुलाचे खांदे खाली येतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी खांद्यांकडेच बघते.

मोठ्या माणसाची वाक्यंही ठरलेली हवीत, नाहीतर आपण भाषण द्यायला लागतो. माझी अशी आहेत.

भांडणात शिरताना, गुडघ्यावर बसून, हात खेळण्याखाली धरून: "मी हात थांबवते आहे. डंपर मी सांभाळते. कुणालाच देत नाही, फक्त सांभाळते."

थंड होण्यासाठी: "मी इथेच आहे. घाई नाही."

दोघं बोलण्याजोगी झाल्यावर: "शंख कुणाला आधी हवा?" आणि मूल माझ्याकडे बघून तक्रार करू लागलं, तर: "तिला सांग. मी ऐकते आहे."

दोघांचं बोलून झाल्यावर: "डंपर एक आहे, मुलं दोन आहेत. काय करू या?"

ठरल्यावर: "म्हणजे असं ठरलं…" आणि जे ठरलं ते एका वाक्यात.

एवढंच. यात "आधी कुणी घेतलं होतं?" हा प्रश्न नाही, तो मी मुद्दाम गाळला आहे. तो विचारला की आपण न्यायाधीश होतो. दोघांचे चेहरे आपल्याकडे वळतात आणि एकमेकांशी बोलायचं सोडून दोघंही आपल्यापुढे खटला मांडतात. शिवाय या वयाच्या मुलांना आधी-नंतरचा क्रम खरोखर तसाच आठवत नाही. धाकट्याच्या लेखी सकाळी खेळलेला डंपर दुपारीही "माझ्या हातात होता". तो खोटं बोलत नसतो. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी ओढताना पाहिलं असेल, तर ते सरळ सांगा: "ती खेळत होती, तू ओढलास, मी पाहिलं." पाहिलं नसेल, तर शोध घेऊ नका.

"सॉरी म्हण" हेही मी सांगत नाही. ते शब्द मिळवण्यासाठी आणखी एक झटापट होते आणि मूल ते पळवाट म्हणून वापरायला शिकतं. ओरबाडलं असेल, तर मी विचारते, "तिला आत्ता काय लागेल?" धाकटा ओला रुमाल आणून देतो. त्याला ते कळतं.

डंपर "सांभाळण्याबद्दल" थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे हमखास घसरायला होतं. खेळणं उचलून कपाटावर ठेवलं की "आता कुणालाच नाही" ही शिक्षा होते आणि दोघांचा राग आपल्यावर वळतो. खेळणं दोघांना दिसेल असं, आपल्या मांडीवर ठेवायचं. तोडगा निघाला की ते परत येणार याची त्यांना खात्री हवी. मी ते हिसकून घेत नाही. तळहात खालून लावते आणि वाट बघते. दहा-पंधरा सेकंद लागतात. हिसकणं वाईट म्हणून सांगताना आपणच हिसकलं, तर आपल्या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. वर्गात शिडीवाला लाल बंब आहे. साडेचार वर्षांची एक मुलगी तो जमिनीवरून फिरवत होती. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने शिडी पकडली. मी पोहोचले तेव्हा तिच्या हातात चाकांची बाजू होती आणि त्याच्या मुठीत शिडी, बोटांची पेरं पांढरी झालेली. मी बंबाखाली हात धरला आणि पहिलं वाक्य म्हटलं. तिने लगेच सोडलं, त्याने नाही. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने एक बोट सोडलं, मग दुसरं.

तिला कोपरा माहीत होता, ती स्वतःहून जाऊन बसली. तो यायला तयार नव्हता, तिथेच फरशीवर पडून रडायला लागला. मी त्याला उचललं नाही. तिला म्हटलं, "त्याला वेळ लागतोय, तू बस", आणि मी दोघांच्या मध्ये, त्याच्या बाजूला जरा कललेली, अशी बसले. लांब श्वास घ्यायला मी रडणाऱ्या मुलाला सांगत नाही, स्वतः घेते, त्याला ऐकू येईल असा. तीन-चार मिनिटं गेली. रडणं हुंदक्यांवर आलं, मग त्याने बाही नाकाला पुसली आणि बंबाकडे बघितलं. "बघितलं" ही माझी खूण. जोवर मूल कुठेच बघत नसतं, तोवर बोलण्यात अर्थ नसतो. मी शंख त्याच्यापुढे धरला. तो फरशीवरच बसून म्हणाला, "मला बंब." मी म्हटलं, "तिला सांग." त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुला बंब हवा. पण मला पण हवा, मी आग विझवत होते." शंख तिच्या हातात नव्हता, पण मी टोकलं नाही. काम होत होतं.

मग माझं वाक्य, "बंब एक आहे, मुलं दोन आहेत." तिने लगेच सुचवलं, "मी खेळते, मग तो." त्याचा चेहरा पडला. "मग" हा शब्द साडेतीन वर्षांच्या मुलाला कधीच न येणाऱ्या वेळेसारखा वाटतो. मी विचारलं, "मग म्हणजे किती?" तिने विचार केला. "पाच आगी." तिने भिंतीशी पाच ठोकळे मांडले, पाच घरं म्हणून. एकेक आग विझली की एक ठोकळा त्याच्याकडे द्यायचा, असं त्यानेच हात पुढे करून ठरवलं. तिसऱ्या ठोकळ्यापाशी दोघं मिळून घरं बांधत होती. पण तसं नेहमी होत नाही, आणि तसं व्हावं म्हणून हा खटाटोपही नाही. पाचवी आग विझल्यावर बंब त्याच्याकडे गेला असता, तरी माझ्या दृष्टीने काम पूर्ण झालं होतं.

यातून तुमच्या घरासाठी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पाळी कशाने मोजायची. वाळूचं घड्याळ सगळे सुचवतात, माझ्याकडेही तीन मिनिटांचं आहे. पण पाहिलंय असं की खेळणारं मूल खेळायचं सोडून वाळूकडे बघत बसतं, वाट बघणारंही वाळूकडेच बघतं आणि डंपर भरून रिकामा करायला तीन मिनिटं पुरतही नाहीत. ऐन खेळात वाळू संपते आणि नव्याने रडारड. म्हणून या वयात मी मिनिटांऐवजी फेऱ्या मोजते: पाच वेळा भरला, ओतला, की दिला. शेवट खेळाच्या आतूनच येतो आणि धाकट्याला बोटांवर दिसतो. वाट बघणाऱ्याच्या हातात काहीतरी हवं: ठोकळे गोळा करायचे, माल भरून द्यायचा. रिकाम्या हातांनी वाट बघणं सव्वातीन वर्षांच्या मुलाला मिनिट-दोन मिनिटांपलीकडे जमत नाही, आणि न जमणं हा त्याचा हट्ट नाही. मोठ्या मुलांत, पाच-सहाच्या पुढे, घड्याळ चांगलं चालतं.

"काय करू या?" यावर दोघंही गप्प राहिली, तर तुम्ही दोनच पर्याय द्या, चार नकोत. त्यांनी सुचवलेलं तुम्हाला उफराटं वाटलं, पण दोघांना मान्य असेल, तर चालू द्या. एकदा दोन मुलांनी ठरवलं की आज बाहुली कुणीच घ्यायची नाही, तिला झोपवायचं. दोघं समाधानाने उठली.

आता जपायचं काय. मोठ्या मुलीवर नीट लक्ष ठेवा. तिला लवकर उमजेल की समजूतदारपणे "घे तू" म्हटलं की आई खूश होते आणि प्रकरण मिटतं. दोन-तीन आठवड्यांनी बघा, सोडून देणारी नेहमी तीच आहे का. तसं असेल, तर कोपरा वरवर चालतोय, पण तिच्या मनात साचत चाललंय, आणि ते कुठल्यातरी भलत्याच वेळी चिमट्याच्या रूपाने बाहेर येईल. "तुला खरंच चालेल का? नाही म्हटलंस तरी चालेल," असं तिला विचारत जा. तिच्या दोन-तीन खास वस्तू अशा असू द्या की ज्या वाटून घ्यायच्याच नाहीत, वरच्या खणात, फक्त तिच्या. धाकट्याच्याही. डंपर मुळात कुणा एकाचा असेल, तर हा सगळा संवाद वेगळा होतो. मग प्रश्न पाळीचा नसतो, मागण्याचा असतो, आणि मालकाला "नाही" म्हणायचा हक्क असतो.

उलट दिशेने बिघडल्याची खूण म्हणजे मोठी "चल कोपऱ्यात!" असं धाकट्याला दरडावू लागते. कोपरा पुन्हा शिक्षा झाला, असं समजा. काही दिवस बाहुल्यांच्या खेळावर परत या.

काही वेळा कोपरा वापरूच नये. झोप अनावर झालेली, पोट रिकामं, ताप येऊ घातलेला, अशा वेळी झोपवा, खाऊ घाला. भांडणं ठरावीक वेळीच होतात का, हे चार दिवस लिहून पाहा. चार-पाचांतली दोन तरी जेवणाच्या किंवा झोपेच्या आधीच्या तासात निघाली, तर त्या दोन भांडणांवर इलाज कोपरा नाही. चावणं किंवा जोराने मारणं झालं असेल, तर आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे, मारणाऱ्याला उपदेश नंतर. आणि धाकटा त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा खूपच कमी बोलत असेल आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हातच उचलत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना बोलणं आणि ऐकणं दोन्ही तपासायला सांगा. शब्द नसलेल्या मुलाच्या हाती फक्त ओढणंच उरतं.

तुमच्या वेळेचा अंदाज असा ठेवा. पहिला आठवडा फक्त बाहुल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसातलं एकच भांडण, त्यातही तुम्हाला घाई नसेल तेव्हाचं, कोपऱ्यात न्या. बाकीची झटपट मिटवा, त्यात काही कमीपणा नाही. धाकटा यायला नाही म्हणाला, तर तो असेल तिथेच आसन आणि शंख न्या. कोपरा म्हणजे ती भिंत नव्हे. बसण्याचा सगळा कार्यक्रम आठ-दहा मिनिटांपलीकडे ताणू नका. तोडगा निघाला नाही, तर म्हणा, "आत्ता जमलं नाही. डंपर मी सांभाळते, खाऊन झाल्यावर परत बसू," आणि खरंच परत बसा. तोडगा निघाला, तर पुढची दहा मिनिटं आसपास राहा. मोडला तर पाचव्या फेरीलाच मोडतो, कारण तिथे एकाला प्रत्यक्ष डंपर सोडायचा असतो. तेव्हा फक्त शेजारी जाऊन म्हणा, "पाच झाल्या. तू देतोस की मी मदत करू?"

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्ही थोडं लांब बसायला लागा. आधी हाताच्या अंतरावर, मग दाराशी. वाक्यं गळत जातील, शंख बाजूला पडेल, आणि ते ठीकच आहे. माझ्या वर्गात त्या दोघांचं आता एवढंच उरलंय. तो हात पुढे करून "किती?" विचारतो आणि ती बोटं दाखवते.